वैकल्पिक विषय निवडण्यापूर्वी तीन आठवडे द्या: यूपीएससीसाठी एक पडताळणी

पहिल्या प्रयत्नाच्या वेळी मी वैकल्पिक विषय म्हणून भूगोल घेतला तो एका वाक्याच्या भरवशावर: "भूगोल घेतलास तर जीएसचा अर्धा अभ्यास आपोआप होतो." जीएस म्हणजे सामान्य अध्ययन, आणि अभ्यासिकेतल्या सगळ्यांनाच ते वाक्य पाठ होते. मुख्य परीक्षेला बसेपर्यंत मला कळून चुकले होते की हा "अर्धा अभ्यास" कुठे होतो आणि कुठे होत नाही याचा हिशेब मी कधी मांडलाच नव्हता. पुढच्या प्रयत्नाला मी समाजशास्त्राकडे वळलो. विषय बदलण्यात गेलेले ते वर्ष वाचवता आले असते, असे मला आजही वाटते.

दोन वर्षांपूर्वी माझ्या मावसबहिणीने तयारी सुरू केली, तेव्हा आम्ही दोघांनी तीन आठवडे बसून तिचा विषय ठरवला. ती रसायनशास्त्राची पदवीधर आहे, पण पदवीचा विषय पुढे न्यायची तिची इच्छा नव्हती. तिच्यासमोर भूगोल, समाजशास्त्र आणि मराठी साहित्य असे तीन पर्याय होते. आम्ही जी पद्धत वापरली, ती तिच्याच उदाहरणासह इथे लिहीत आहे.

हे सारे केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेबद्दल आहे. राज्यसेवेची मुख्य परीक्षाही २०२५ पासून वर्णनात्मक झाली असून तिथेही आता वैकल्पिक विषय आहे, त्यामुळे पद्धत तिथेही चालेल. मात्र अभ्यासक्रम आणि विषयांची यादी महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचीच घ्यावी.

## आधी हाताशी काय हवे

पडताळणी सुरू करण्यापूर्वी पुढील गोष्टी छापून किंवा काढून ठेवा. पडद्यावर वाचून हे काम नीट होत नाही, कारण ओळींवर खुणा कराव्या लागतात.

- चालू वर्षाची परीक्षेची अधिसूचना. सामान्य अध्ययनाचा आणि सर्व वैकल्पिक विषयांचा अभ्यासक्रम तिच्यातच असतो.
- तुमच्या मनातल्या दोन किंवा तीन विषयांच्या २०१३ पासूनच्या प्रश्नपत्रिका. त्या upsc.gov.in वर मोफत मिळतात. त्याआधीच्या घेऊ नका, कारण २०१३ मध्ये दोन वैकल्पिक विषयांऐवजी एक झाला आणि गुणांची रचनाही बदलली.
- सामान्य अध्ययनाच्या चारही प्रश्नपत्रिकांचे गेल्या पाच वर्षांचे संच.
- हिरवी, पिवळी आणि लाल पेन्सिल, एक वही आणि घड्याळ.

तीनपेक्षा जास्त विषय यादीत ठेवू नका. यादीत सव्वीस विषय असतात, आणि साहित्याच्या तेवीस भाषा वेगवेगळ्या मोजल्या तर पर्याय अठ्ठेचाळीस होतात. एवढ्यांची पडताळणी कोणालाच शक्य नाही. पदवीचा विषय, शाळा-कॉलेजात मनापासून वाचलेला विषय आणि ज्याबद्दल आजही बातमी दिसली की आपण थांबून वाचतो तो विषय, एवढ्यांतून दोन-तीन नावे सहज निघतात. अभियांत्रिकी, वैद्यक किंवा गणिताच्या पदवीधरांनी आपला विषय केवळ "जीएसशी जुळत नाही" म्हणून यादीबाहेर टाकू नये. चार वर्षांचा पाया हीदेखील वेळेची बचतच आहे, आणि बहुतेक वेळा ती जुळणीतून होणाऱ्या बचतीपेक्षा मोठी असते.

## पायरी १: पाचशे गुण नेमके कशाचे आहेत ते पाहा

मुख्य परीक्षेतल्या गुणवत्तेसाठी धरल्या जाणाऱ्या लेखी गुणांची बेरीज १७५० होते. त्यात निबंधाचे २५०, सामान्य अध्ययनाच्या चार प्रश्नपत्रिकांचे १००० आणि वैकल्पिक विषयाच्या दोन प्रश्नपत्रिकांचे ५०० गुण असतात. मुलाखतीचे २७५ गुण नंतर मिळवले जातात. म्हणजे एकाच विषयाच्या हातात निबंधाच्या दुप्पट गुण आहेत.

प्रश्नपत्रिकेची रचना निवडीच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. प्रत्येक प्रश्नपत्रिकेचे दोन विभाग असतात आणि एकूण आठ प्रश्न असतात, त्यांपैकी पाच सोडवायचे असतात. पहिला आणि पाचवा प्रश्न सक्तीचा असतो. बहुतेक विषयांत त्या प्रत्येकात दहा गुणांची पाच छोटी उत्तरे साधारण दीडशे शब्दांत लिहायची असतात, आणि हे उपप्रश्न त्या विभागात सगळीकडून येतात. उरलेले तीन प्रश्न निवडीचे, पण प्रत्येक विभागातून किमान एक घ्यावाच लागतो.

याचा अर्थ असा की एखादा मोठा घटक तुम्हाला अजिबात झेपत नसेल, तर त्यावरचा मोठा प्रश्न टाळता येईल, पण सक्तीच्या प्रश्नातून तो तुम्हाला गाठतोच. एखादा पूर्ण विभागच नकोसा वाटत असेल, तर तो विषय तुमच्यासाठी नाही. माझ्या बाबतीत हेच झाले होते. भूगोलाच्या पहिल्या प्रश्नपत्रिकेतला प्राकृतिक भूगोलाचा विभाग मला आवडत असे, पण दुसऱ्या विभागातले मानवी भूगोलाचे दृष्टिकोन आणि प्रतिमाने मी कायम उद्यावर ढकलत राहिलो. त्या विभागाचे १०० ते १५० गुण टाळता येणार नाहीत, हे मी रचना वाचूनही लक्षात घेतले नव्हते.

## पायरी २: आवड तपासायची तर विषयाचा सर्वांत रुक्ष भाग आधी वाचा

आवडीबद्दल बोलताना आपण नेहमी विषयाच्या दर्शनी भागाबद्दल बोलत असतो. समाजशास्त्र आवडते म्हणणाऱ्याच्या मनात जात, स्त्रीप्रश्न, चळवळी असतात. मराठी साहित्य आवडते म्हणणारा आवडत्या कवितांबद्दल बोलत असतो. हा भाग तसाही सगळ्यांनाच आवडतो, त्यामुळे त्यावरून काही ठरत नाही. दहा महिन्यांनी, तिसऱ्या उजळणीच्या वेळी, जो भाग उघडायला हात धजावत नाही तोच तुमचे गुण ठरवतो.

म्हणून पहिल्या आठवड्यात प्रत्येक विषयातला सर्वांत कोरडा घटक निवडा आणि तो दोन दिवस वाचा. माझ्या बहिणीसाठी आम्ही पुढील घटक निवडले:

- भूगोल: भूरूपशास्त्रातील उताराचा विकास आणि अनाच्छादनाचा कालानुक्रम. डेव्हिस आणि पेंक यांच्या मतांतला फरक इथे येतो.
- समाजशास्त्र: संशोधन पद्धती. चल, नमुना निवड, विश्वसनीयता आणि वैधता या संकल्पना यात आहेत.
- मराठी साहित्य: तेराव्या आणि सतराव्या शतकातील मराठीची भाषिक वैशिष्ट्ये, तसेच विभक्ती आणि प्रयोगविचार.

प्रत्येक घटक वाचून झाल्यावर पुस्तक मिटायचे आणि त्याच घटकावर मागच्या प्रश्नपत्रिकेत आलेला दहा गुणांचा एक प्रश्न लिहायचा. वेळ सात मिनिटे, कारण तीन तासांत २५० गुणांचे लिहायचे म्हणजे दहा गुणांना सात मिनिटांहून थोडाच जास्त वेळ मिळतो. उत्तर चांगले येणार नाही आणि यावे अशी अपेक्षाही नाही. पाहायचे ते इतकेच की लिहून झाल्यावर "हे नेमके काय असते ते पुन्हा पाहावे" असे वाटते, की वही बंद करावीशी वाटते.

बहिणीने तिन्ही घटक केले. संशोधन पद्धतीचा घटक तिने नेटाने संपवला, पण दुसऱ्या दिवशी तिला त्यातले फारसे आठवेना. उताराचा विकास समजला, मात्र आकृत्या काढताना तिची चिडचिड झाली. प्रयोगविचाराच्या वेळी वेगळेच घडले. कर्तरी, कर्मणी आणि भावे प्रयोगाची उदाहरणे ती आईच्या बोलण्यातून शोधू लागली, आणि "मला जाववत नाही" या वाक्याचा प्रयोग कोणता यावर तिने मला रात्री साडेदहाला फोन केला. आवड आहे की नाही हे मला विचारावे लागले नाही.

इथे एक इशारा. आवड म्हणजे त्या विषयावरचे व्हिडिओ पाहायला आवडणे नव्हे. ऐकताना समजणे आणि लिहिताना सुचणे यांत मोठे अंतर असते, म्हणून या पायरीवर लिहिण्याचा भाग टाळू नका.

## पायरी ३: जुळणी मोजा, पण शब्दांवरून नाही

सर्वांत जास्त फसगत इथे होते, म्हणून या पायरीला पूर्ण आठवडा द्या.

वैकल्पिक विषयाच्या अभ्यासक्रमाची छापील प्रत आणि सामान्य अध्ययनाची प्रत शेजारी ठेवा. वैकल्पिक विषयाच्या प्रत्येक ओळीवर तीनपैकी एक खूण करा. जे एकदा वाचून दोन्हीकडे जवळपास तसेच वापरता येईल, त्यावर हिरवी. माहिती सारखी पण उत्तर वेगळे लिहावे लागेल, त्यावर पिवळी. दोन्हीकडे फक्त नाव सारखे असेल किंवा काहीच सारखे नसेल, त्यावर लाल.

हे किती काळजीपूर्वक करायचे ते शहरीकरणाच्या उदाहरणावरून दिसेल, कारण हा शब्द तीन ठिकाणी येतो.

सामान्य अध्ययनाच्या पहिल्या प्रश्नपत्रिकेत शहरीकरण, त्याच्या समस्या आणि त्यांवरचे उपाय एवढेच म्हटले आहे. इथे परीक्षकाला स्थलांतर, घरे, पाणी, वाहतूक, पालिकांची आर्थिक स्थिती असा व्यापक आढावा आणि शेवटी उपाय हवे असतात.

भूगोलाच्या पहिल्या प्रश्नपत्रिकेत वस्ती भूगोलाखाली हाच विषय येतो, पण तिथे प्रमुख नगराची संकल्पना, श्रेणी-आकार नियम, नगरांचे कार्यानुसार वर्गीकरण, नागरी प्रभावक्षेत्र, ग्रामीण-नागरी सीमांत प्रदेश आणि उपग्रह नगरे यांची नावे घेतली आहेत. प्रमुख नगराची कल्पना मार्क जेफरसन यांनी १९३९ मध्ये मांडली. देशातले पहिले शहर दुसऱ्यापेक्षा कितीतरी मोठे का होते, हे ती सांगते. भारताला ती का लागू पडत नाही, हे मुंबई, दिल्ली आणि कोलकाता यांच्या लोकसंख्येवरून दाखवावे लागते. या उत्तरात पाणीटंचाईचा आढावा लिहिला तर गुण मिळत नाहीत.

समाजशास्त्राच्या दुसऱ्या प्रश्नपत्रिकेत औद्योगिकीकरण आणि शहरीकरण या शीर्षकाखाली कामगारवर्गाची रचना आणि संघटन, असंघटित क्षेत्र, बालमजुरी, झोपडपट्ट्या आणि वंचितता येते. इथे झोपडपट्टीचा प्रश्न घरांच्या संख्येचा राहत नाही, तर वर्ग आणि जात शहरात कोणत्या रूपाने टिकून राहते याचा होतो.

तीन ठिकाणी एकच शब्द आहे, आणि तीन उत्तरे वेगळी आहेत. पहिल्या वर्षी मी असे सगळे "कॉमन टॉपिक" म्हणून एकदाच वाचले. त्याचा परिणाम असा झाला की भूगोलाच्या पेपरात मी जीएसचे उत्तर लिहून आलो. श्रेणी-आकार नियमावरच्या उपप्रश्नात मी स्मार्ट शहरांबद्दल लिहिले होते, हे मला अजूनही स्पष्ट आठवते. लिहिताना ते चुकीचे वाटले नव्हते, आणि या चुकीची अडचण तीच आहे. म्हणून शहरीकरणासारख्या ओळीवर पिवळी खूण करायची, हिरवी नाही.

अशा खुणा करून झाल्यावर बहिणीच्या प्रती कशा दिसत होत्या ते सांगतो.

समाजशास्त्राच्या दुसऱ्या प्रश्नपत्रिकेतला सामाजिक बदलाचा भाग, म्हणजे ग्रामीण परिवर्तन, चळवळी, लोकसंख्या, जमातवाद, स्त्रियांवरील हिंसा, बराचसा हिरवा होता. जातिव्यवस्था, आदिवासी, नातेसंबंध आणि धर्म हा भाग पिवळा. पहिल्या प्रश्नपत्रिकेचे दहा घटक मात्र जवळपास पूर्ण लाल निघाले. मार्क्स, दुर्खाइम, वेबर, पार्सन्स, मर्टन, मीड यांच्यापैकी कोणीही सामान्य अध्ययनात थेट भेटत नाही. निबंधात त्यांचा उपयोग होतो, पण निबंधासाठी सहा विचारवंत वाचायचे कोणी ठरवत नसते.

भूगोलात हवामानशास्त्र आणि सागरशास्त्र पूर्वपरीक्षेसाठी हिरवे होते, मुख्य परीक्षेसाठी पिवळे. भारताच्या भूगोलातले शेती, साधनसंपत्ती आणि आपत्ती हे भाग हिरवे. प्रतिमाने आणि सिद्धान्त लाल, आणि दुसऱ्या प्रश्नपत्रिकेतला नकाशाचा प्रश्नही लाल. एकूण पाहता तिन्हींत सर्वांत जास्त हिरवा रंग भूगोलातच होता, त्यामुळे अभ्यासिकेतले ते वाक्य अगदीच खोटे नव्हते. फक्त ते "अर्धा" नव्हते आणि "आपोआप" तर नक्कीच नव्हते.

मराठी साहित्य जवळपास पूर्ण लाल निघाले. संतसाहित्य आणि महात्मा फुले यांच्याबाबतच्या काही ओळी पिवळ्या धरता आल्या, एवढेच.

आता या रंगांचे वजन कसे करायचे? हिरव्या ओळी वाचनाचा वेळ वाचवतात, लिहिण्याच्या सरावाचा नाही. वैकल्पिक विषयाची उत्तरे त्या विषयाच्या परिभाषेतच लिहावी लागतात आणि त्याचा सराव वेगळाच करावा लागतो. म्हणून हिरव्या ओळीची अर्धी बचत धरा, पिवळ्या ओळीची फार तर पाव आणि लाल ओळीची शून्य. त्यानंतर उलट बाजूचा हिशेबही करा: विषय पूर्ण संपवायला एकूण किती वेळ लागेल? भूगोलाचा आवाका मोठा आहे. मराठी साहित्याच्या दुसऱ्या प्रश्नपत्रिकेत नेमलेल्या साहित्यकृतींची संख्या ठरलेली आहे, पहिल्या विभागात गद्य आणि दुसऱ्यात कविता, आणि त्या यादीबाहेर प्रश्न जात नाही. चालू घडामोडींशी ती जोडावी लागत नाही. आमच्या अंदाजाने भूगोलाला तिला आठ महिने लागले असते, त्यांतून जुळणीमुळे दीड महिना वाचला असता, म्हणजे साडेसहा. मराठी साहित्याला सहा महिने, बचत शून्य. जुळणीचा फायदा अशा रीतीने पूर्ण फिटला. हे आकडे तिच्या वेगाचे आहेत, तुमचे वेगळे येतील, पण दोन्ही बाजू मांडल्याशिवाय जुळणी हा शब्द तोंडी आणू नका.

## पायरी ४: मार्गदर्शनाची परीक्षा घ्या

मार्गदर्शन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर क्लास येतो. प्रत्यक्षात तीन वेगळ्या गोष्टी लागतात आणि त्या तीन ठिकाणांहून मिळू शकतात.

पहिली गोष्ट साहित्य. अभ्यासक्रमाच्या प्रत्येक ओळीसमोर कोणते पुस्तक, कोणते प्रकरण, हे लिहिता आले पाहिजे. समाजशास्त्र, लोकप्रशासन, राज्यशास्त्र, भूगोल यांसाठी इग्नूचे अभ्याससाहित्य ई-ज्ञानकोश या संकेतस्थळावर मोफत आहे, आणि पाया घालायला ते पुरते. मराठी साहित्य घेणाऱ्यांनी नेमलेली सर्व पुस्तके हातात येईपर्यंत निर्णय पक्का करू नये. काही पुस्तके दुकानात लगेच मिळत नाहीत, मग जिल्हा ग्रंथालय किंवा महाविद्यालयाचे ग्रंथालय गाठावे लागते. मार्गदर्शिकेतला सारांश वाचून कवितेवर उत्तर लिहिणाऱ्याची उद्धृते दोन-तीनच असतात आणि ती सगळ्यांची सारखीच असतात.

दुसरी गोष्ट भाषा. साहित्याचा विषय सोडला तर प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीतच असते, तुम्ही उत्तरे मराठीत लिहिणार असलात तरीही. म्हणून मराठी माध्यमाच्या उमेदवाराने मागच्या प्रश्नपत्रिकेतले वीस प्रश्न घेऊन त्यांतल्या पारिभाषिक शब्दांना मराठी प्रतिशब्द आपल्याला ठाऊक आहेत का, आणि त्या विषयावरचे मराठी पुस्तक तेच शब्द वापरते का, हे तपासावे. उलट, बाकीचे सगळे पेपर इंग्रजीत लिहिणारा उमेदवारही मराठी साहित्य घेऊ शकतो, मात्र तो पेपर मराठीतच लिहावा लागतो. ज्यांना इंग्रजीत लिहायची सवय झाली आहे त्यांनी आधी सलग तीन तास मराठी लिहून पाहावे. हात किती लवकर भरून येतो आणि जोडाक्षरांवर वेग किती मंदावतो, हे त्याशिवाय कळत नाही.

तिसरी आणि सर्वांत दुर्मिळ गोष्ट म्हणजे तुमचे उत्तर वाचून त्यात काय चुकले हे सांगणारा माणूस. याची चाचणी सोपी आहे. दुसऱ्या पायरीत लिहिलेले एक उत्तर घ्या आणि ज्यांच्याकडे शिकायचा विचार आहे त्यांना दाखवा. "अजून मुद्दे वाढवा", "प्रस्तावना आकर्षक करा" असा शेरा कोणत्याही विषयाच्या उत्तरावर देता येतो, त्याचा उपयोग नाही. "वेबरची सत्ता आणि अधिकार ही संकल्पना तुम्ही एकत्र केली आहे" किंवा "हे उदाहरण शाहिरी काव्याचे आहे, पंडिती नाही" असा शेरा आला, तर त्या माणसाला विषय येतो.

बहिणीने हे तिन्ही विषयांत केले. भूगोलाच्या एका क्लासमध्ये तिला उत्तर न वाचताच प्रवेशाचा अर्ज देण्यात आला. समाजशास्त्रासाठी मी होतो, पण मी शिक्षक नाही. मराठीसाठी तालुक्याच्या महाविद्यालयातून निवृत्त झालेल्या एका प्राध्यापिका मिळाल्या. त्यांनी यूपीएससीच्या तयारीला कधी शिकवले नव्हते. त्यांनी दीड पानाच्या उत्तरावर अकरा खुणा केल्या आणि प्रत्येक खुणेसमोर कोणते पुस्तक उघडायचे ते लिहिले. शब्दमर्यादा आणि वेळ यांचे तंत्र तिला कुठल्याही टेस्ट सिरीजमधून मिळणार होते, पण ते अकरा शेरे दुसरीकडे मिळाले नसते.

## पायरी ५: "स्कोअरिंग" या शब्दापासून सावध राहा

आयोगाच्या वार्षिक अहवालांत वैकल्पिक विषयानुसार किती उमेदवार बसले आणि किती शिफारसपात्र ठरले याचे तक्ते असतात. त्यांवरून टक्केवारी काढून "या विषयाचा निकाल जास्त" असे सांगितले जाते. तक्ते खरे असतात, पण त्यांतून काढलेला अर्थ बहुधा चुकतो. उमेदवाराची निवड सर्व पेपर आणि मुलाखत मिळून होते, त्यामुळे त्या टक्केवारीत त्या विषयात मिळालेले गुण दिसतच नाहीत. शिवाय काही विषयांना बसणारे उमेदवार इतके थोडे असतात की दोन-चार जणांच्या निवडीने टक्केवारी वर-खाली होते. हे तक्ते एकाच कामाला येतात: तुमच्या विषयाला दरवर्षी काही शे उमेदवार बसतात की मूठभर, हे पाहायला. मूठभर असतील, तर पुस्तके, चाचण्या आणि चर्चेला सोबती मिळणे अवघड जाईल, एवढाच त्याचा अर्थ.

टॉपरच्या विषयावरून निवड करण्याबद्दलही हेच लागू आहे. त्या व्यक्तीची पदवी कोणती होती, तो कितवा प्रयत्न होता आणि दोन पेपरांत वेगवेगळे किती गुण होते, हे कळल्याशिवाय ते नाव तुमच्या कामाचे नाही.

## पायरी ६: निर्णय घ्या आणि अर्जापूर्वी एकदा पूर्ण पेपर लिहा

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी एका पानावर तीन विषय लिहा आणि प्रत्येकासमोर रुक्ष भागाचा अनुभव, निव्वळ लागणारा वेळ आणि उत्तर तपासणारा माणूस अशा तीनच नोंदी करा. गुण देऊन बेरीज करू नका, कारण तपासणारा माणूसच नसेल तर ती उणीव जुळणीने भरून निघत नाही. दोन विषय अगदी जवळ आले, तर मी रुक्ष भागाच्या नोंदीला कौल देतो.

बहिणीच्या पानावर मराठी साहित्यासमोर जुळणीची बचत शून्य होती, आणि तरीही तिने तोच विषय घेतला. त्याबदली सामान्य अध्ययनातल्या समाज आणि भूगोल या भागांसाठी तिला वेगळा वेळ ठेवावा लागला. तो तिने वेळापत्रकात पहिल्या दिवसापासून लिहून ठेवला, कारण असा विषय घेणारे अनेक जण नेमके हेच विसरतात आणि पूर्वपरीक्षेत अडकतात.

विषय अर्जात नोंदवावा लागतो, आणि तो नंतर बदलून मिळेल या भरवशावर राहू नये, म्हणून त्या वर्षीच्या अधिसूचनेतला त्याबद्दलचा परिच्छेद शब्दशः वाचा. वेळापत्रकाचेही भान ठेवा. २०२४ मध्ये पूर्वपरीक्षा १६ जूनला झाली आणि मुख्य परीक्षा २० सप्टेंबरला सुरू झाली. २०२५ मध्ये हेच दिवस २५ मे आणि २२ ऑगस्ट असे होते. मधल्या तीन महिन्यांत पाचशे गुणांचा विषय नव्याने वाचून होत नाही, तिथे फक्त उजळणी आणि लेखन होते. पहिले वाचन पूर्वपरीक्षेच्या किमान तीन महिने आधी संपले पाहिजे, आणि त्या तारखेपासून मागे मोजले की विषय कधी ठरायला हवा ते कळते.

शक्य असेल तर अर्ज भरण्यापूर्वी मागच्या एखाद्या वर्षाचा पहिला पेपर घड्याळ लावून पूर्ण सोडवा. अर्धे येणार नाही. जे येत नाही तिथेही प्रश्न वाचून कोणत्या घटकाचा आहे एवढे समासात लिहा. आठही प्रश्नांचे घटक ओळखता आले, तर अभ्यासक्रम डोक्यात बसला आहे असे समजा.

## विषय बदलावा का, हे कसे ओळखायचे

मुख्य परीक्षेनंतरच्या गुणपत्रकात वैकल्पिक विषयाच्या दोन्ही पेपरांचे गुण स्वतंत्र असतात. एका पेपरात बरे आणि दुसऱ्यात कमी गुण असतील, तर विषय बदलू नका, त्या पेपरातला कोणता विभाग कच्चा राहिला ते शोधा. दोन्हींत कमी असतील, तर आधी स्वतःला विचारा की वर्षभरात वेळ लावून किती पूर्ण पेपर लिहिले होते. माझ्या पहिल्या वर्षीचे उत्तर शून्य होते, आणि खरे पाहता मी भूगोलाला नीट संधीच दिली नव्हती. तरीही मी बदल केला, कारण मानवी भूगोलाचा विभाग पुन्हा उघडायला मी सहा आठवडे टाळाटाळ करत होतो. दोन्ही पेपर कमी आणि टाळाटाळही कायम, अशा दोन्ही गोष्टी एकत्र दिसल्या तरच बदलाचा विचार करा. तेव्हाही नव्या विषयाला वरचे तीन आठवडे द्या, जुना विषय सोडून दिल्याच्या सुटकेच्या भरात लगेच नवी पुस्तके विकत घेऊ नका.